x² ची सीमा आणि डेल्टाची निवड: min(1, ε/7) मधला 1 कुठून आला आणि 7 कुठून

एफवाय बीएस्सीच्या कॅल्क्युलसच्या वहीत एक ओळ हमखास सापडते: "δ = min(1, ε/7) घेऊ." त्यापुढच्या चार ओळी सरळ असतात, कुणालाही तपासता येतात. अडतं ते या पहिल्याच ओळीपाशी. हा 1 कुठला? 7 च का, 6 का नाही? आणि min कशासाठी? सिद्धता फळ्यावर ज्या क्रमाने लिहिली जाते तो क्रम ती शोधण्याच्या क्रमाच्या अगदी उलटा असतो. शोधताना δ सर्वांत शेवटी हाती लागतो आणि लिहिताना तो सर्वांत आधी येतो. मधलं रफ काम वहीत राहतच नाही. मुलं मग ती ओळ पाठ करतात आणि परीक्षेत x → 3 च्या जागी x → 5 आला की अडकतात.

म्हणून इथे ते रफ काम पूर्ण करू, एकाच उदाहरणावर:

lim (x → 3) x² = 9

उत्तर 9 आहे हे सगळ्यांना दिसतंच. प्रश्न ते सिद्ध करण्याचा आहे.

व्याख्या वाचताना क्रम सांभाळा

व्याख्या अशी: प्रत्येक ε > 0 साठी असा एक δ > 0 मिळाला पाहिजे की, 0 < |x − 3| < δ असणाऱ्या प्रत्येक x साठी |x² − 9| < ε असेल.

यात तीन गोष्टी एकापाठोपाठ ठरतात. आधी समोरचा माणूस ε देतो. तो म्हणतो, "उत्तर 9 पासून इतक्याच अंतरात हवं." मग मी δ सांगतो: "ठीक आहे, x ला 3 पासून इतक्या अंतरात ठेव." आणि मी δ सांगून टाकल्यावर समोरचा त्या पट्ट्यातला त्याला हवा तो x उचलतो. माझा δ जाहीर होतो तेव्हा x अजून निवडलेलाच नसतो. त्यामुळे δ मध्ये ε येऊ शकतो, 3 येऊ शकतो, पण x येऊ शकत नाही. पुढे सगळ्यात मोठी चूक नेमकी याच ठिकाणी होते, म्हणून हा क्रम आत्ताच पक्का करा.

(δ आणि ε ही दोन अक्षरं जोडीने वापरायची रीत कोशीने 1823 साली छापलेल्या आपल्या व्याख्यानांमधल्या एका सिद्धतेत दिसते. आज आपण लिहितो तशी काटेकोर मांडणी पुढे वायरश्ट्रासच्या बर्लिनमधल्या शिकवण्यातून रूढ झाली.)

आधी सोपं प्रकरण: जिथे अडचण येतच नाही

x² कडे जाण्याआधी 2x पाहू. x → 3 असताना 2x ची सीमा 6. इथे

|2x − 6| = 2·|x − 3|

म्हणजे x मधली चूक बरोबर दुप्पट होऊन उत्तरात उतरते. उत्तरातली चूक ε च्या आत हवी असेल तर x मधली चूक ε/2 च्या आत ठेवली की झालं. δ = ε/2. ना min, ना वेगळं बंधन. x कुठेही असो, गुणक 2 च राहतो, हे या सोपेपणाचं कारण.

आता x² घ्या आणि अवयव पाडा:

|x² − 9| = |x − 3|·|x + 3|

पहिला अवयव आपल्या ताब्यात आहे. तो δ पेक्षा लहान ठेवणं हेच आपलं काम. पण 2x च्या वेळी जिथे 2 होता तिथे आता |x + 3| बसला आहे, आणि तो x बरोबर बदलतो. x = 3 असेल तर तो 6, x = 10 असेल तर 13, x = 1000 असेल तर 1003. चूक किती पट वाढून उत्तरात उतरणार हेच नक्की नाही. या सिद्धतेतली खरी अडचण एवढीच आहे. पुढचं सगळं या एका बदलत्या गुणकाला आवर घालण्यासाठी आहे.

सगळ्यांना होणारा मोह

2x च्या धर्तीवर विचार केला की पुढची पायरी आपोआप सुचते: |x − 3|·|x + 3| < ε हवं आहे, तर |x − 3| < ε/|x + 3| घेऊ, म्हणजे δ = ε/|x + 3|. माझ्या अनुभवात पहिल्या प्रयत्नात निम्म्याहून जास्त वह्यांत हेच असतं, आणि त्यात बीजगणिताची एकही चूक नसते. चूक क्रमाची आहे. या δ मध्ये x आहे. समोरचा विचारतो, "x ला 3 पासून किती अंतरात ठेवू?" आणि मी उत्तर देतो, "तू कुठला x घेणार आहेस त्यावर अवलंबून आहे." हे उत्तर होत नाही, कारण x निवडायला त्याला आधी माझं अंतर कळायला हवं.

शिवाय x = −3 ला तो भाजक शून्य होतो. पण तो किरकोळ मुद्दा आहे. भाजक कधीच शून्य झाला नसता तरी हा δ चाललाच नसता.

तरीही ही ओळ रफ कामात लिहायला हरकत नाही, कारण पुढे काय करायचं ते तीच सांगते. ε/|x + 3| मधल्या |x + 3| च्या जागी x नसलेली एखादी संख्या आणायची आहे. ती |x + 3| पेक्षा कधीच लहान पडणार नाही अशी हवी.

प्राथमिक बंधन

अशी संख्या सगळ्या x साठी मिळणार नाही, कारण x वाढत गेला की x + 3 सुद्धा वाढतच जातो. पण आपल्याला सगळे x कुठे हवे आहेत? आपलं काम 3 च्या जवळ आहे. δ मी निवडणार आहे, तेव्हा मी आधीच ठरवून टाकतो की काहीही झालं तरी δ ला 1 च्या वर जाऊ देणार नाही. हेच प्राथमिक बंधन:

|x − 3| < 1

केवल मूल्य सोडवलं की

2 < x < 4

आणि तिन्ही बाजूंना 3 मिळवले की

5 < x + 3 < 7

x + 3 धन आहे, म्हणून |x + 3| < 7. झालं. बदलता गुणक 7 च्या खाली कोंडला गेला. या पट्ट्यात x कुठेही असला तरी x मधली चूक सातपटीहून जास्त वाढत नाही:

|x² − 9| ≤ 7·|x − 3|

आता हे 2x सारखंच झालं, फक्त 2 च्या जागी 7. म्हणून |x − 3| < ε/7 ठेवायचं.

हे डोळ्यांना दिसावं म्हणून मी नेहमी चौरस काढायला सांगतो. बाजू 3 असलेला चौरस काढा, क्षेत्रफळ 9. आता बाजू थोडी वाढवा, h ने. क्षेत्रफळ किती वाढलं? उजवीकडे 3 लांब आणि h रुंद अशी एक पट्टी, वर तशीच दुसरी, आणि कोपऱ्यात h बाजूचा एक छोटा चौरस. एकूण वाढ 6h + h². दोन पट्ट्या शहाण्यासारख्या वागतात. त्या h च्या सहापट आहेत, कायम सहापट. त्रास देतो तो कोपरा, कारण तो h च्या ठराविक पटीत राहत नाही. h = 10 असेल तर कोपरा 100 होतो, म्हणजे h च्या दहापट. पण h एकपेक्षा लहान ठेवला तर h² हा h पेक्षा लहानच राहतो, कोपरा h च्या एकपटीत मावतो, आणि एकूण वाढ 6h + h = 7h च्या आत राहते. सातातले सहा त्या दोन पट्ट्यांचे आहेत आणि उरलेला एक कोपऱ्याला काबूत ठेवण्याचा. |x − 3| < 1 हे बंधन त्या कोपऱ्यासाठीच घातलेलं आहे.

5 का नाही, 6 का नाही

5 < x + 3 < 7 ही ओळ मिळाल्यावर काही जण 5 उचलतात आणि δ = ε/5 लिहितात. तपासू. ε = 1 घ्या. मग δ = 0.2. x = 3.19 हा 3 पासून 0.2 च्या आत आहे. पण 3.19² = 10.1761, म्हणजे 9 पासून अंतर 1.1761. ε ओलांडला. गुणाकार लहान ठेवायचा असेल तर अवयवाची वरची हद्द लागते. खालची हद्द फक्त "किमान इतका तरी मोठा" एवढंच सांगते आणि त्याचा इथे काहीच उपयोग नाही.

6 जास्त मोहात पाडतो, कारण x तीनच्या जवळ असताना x + 3 सहाच्या जवळच असतो. "जवळजवळ 6" म्हणून δ = ε/6 घ्यावा असं वाटतं. ε = 0.6 घेऊ, म्हणजे δ = 0.1. आता x = 3.0999 घ्या. वर्ग येतो 9.60938 च्या आसपास, अंतर 0.60938. थोडक्यात हुकलं, पण हुकलंच. आणि हे या एकाच ε चं दुर्दैव नाही. चौरसाकडे पाहा: 6h पर्यंतच्या वाढीचा हिशोब दोन पट्ट्यांनीच संपवला, कोपऱ्याला जागाच ठेवली नाही. h ला ε/6 च्या पुरेसं जवळ नेलं की एकूण वाढ ε + ε²/36 च्या जवळ जाते. ε कितीही लहान घ्या, ती ε पेक्षा मोठीच. म्हणून ε/6 कुठल्याच ε साठी पुरत नाही.

7 मात्र पुरतो. 8 सुद्धा पुरतो, 100 सुद्धा. δ = min(1, ε/100) लिहिलं तर ती सिद्धता पूर्ण बरोबर आहे. δ मोठा असण्याला बक्षीस नाही. चालणारा एक δ सापडला की त्याहून लहान प्रत्येक δ चालतो.

min कशासाठी

आता आपल्याकडे x वर दोन अटी झाल्या. |x + 3| < 7 म्हणता यावं म्हणून |x − 3| < 1 हवं. आणि शेवटचा गुणाकार ε च्या आत यावा म्हणून |x − 3| < ε/7 हवं. दोन्ही एकाच वेळी हव्यात, आणि δ तर एकच सांगायचा आहे. दोन अंतरांपैकी लहान असेल ते घेतलं की दोन्ही अटी पाळल्या जातात. min म्हणजे एवढंच.

min विसरून नुसता δ = ε/7 लिहिला तर? ε = 14 घेऊन पाहा. δ = 2 येतो. x = 4.9 हा 3 पासून 1.9 वर आहे, म्हणजे हद्दीत. पण 4.9² = 24.01, अंतर 15.01. चौदाच्या बाहेर. चूक कुठे झाली तेही दिसतं: x = 4.9 ला x + 3 = 7.9 आहे, आणि आपण तर गुणक 7 च्या खाली आहे असं धरून चाललो होतो. ते विधान फक्त 2 आणि 4 च्या मधल्या x साठी खरं होतं.

इथे बारकाईने पाहणारा विद्यार्थी एक रास्त शंका काढतो. ε जर 7 किंवा त्याहून लहान असेल तर ε/7 आपोआपच 1 च्या आत राहतो, मग min ची गरजच काय? खरं आहे. लहान ε साठी min मधला 1 काहीच काम करत नाही. आणि लहान ε साठी सिद्धता केली तर मोठ्या ε साठी वेगळं काही करावं लागत नाही, कारण ε = 7 ला चालणारा δ = 1 हाच ε = 14 लाही चालतो. पण असा युक्तिवाद करायचा असेल तर तो लिहावा लागतो: "ε ≤ 7 मानले तरी सामान्यता बिघडत नाही, कारण..." व्याख्या प्रत्येक ε > 0 म्हणते. min लिहिलं की ही सगळी चर्चा दोन अक्षरांत मिटते. मला min बरं वाटतं.

आता फेअर करू

रफ काम संपलं. वहीत जे लिहायचं ते एवढंच:

सिद्धता. ε > 0 दिला आहे असे मानू. δ = min(1, ε/7) घेऊ. 1 आणि ε/7 या दोन्ही धन संख्या आहेत, म्हणून δ > 0. आता 0 < |x − 3| < δ असा कोणताही x घ्या.

δ ≤ 1 असल्याने |x − 3| < 1, म्हणून 2 < x < 4, म्हणून 5 < x + 3 < 7. यावरून |x + 3| < 7.

δ ≤ ε/7 असल्याने |x − 3| < ε/7.

म्हणून

|x² − 9| = |x − 3|·|x + 3| ≤ 7·|x − 3| < 7·(ε/7) = ε.

ε कोणताही असल्याने सिद्धता पूर्ण झाली.

लिहून झाल्यावर स्वतः तपासताना मी तीन ठिकाणी बोट ठेवायला सांगतो. δ च्या सूत्रात x डोकावतो आहे का? δ ≤ 1 आणि δ ≤ ε/7 या दोन्ही गोष्टी कुठे ना कुठे वापरल्या आहेत का? एखादी वापरलीच नसेल तर काहीतरी राहिलं आहे. आणि शेवटची साखळी |x² − 9| पासून सुरू होऊन ε ला संपते का? बऱ्याच वह्यांत ती "|x² − 9| < ε" या ओळीपासून सुरू होते आणि "म्हणून |x − 3| < ε/7" ला संपते. जे सिद्ध करायचं तेच गृहीत धरलं गेलं. रफ कामात उलटं चालणं ठीक आहे, किंबहुना तसंच चालावं लागतं. फेअर करताना मात्र δ पासून ε कडे जायचं.

0 < |x − 3| मधला शून्य सीमेच्या व्याख्येतून आला आहे. सीमा काढताना x = 3 ला फलनाचं काय होतं याच्याशी आपल्याला देणंघेणं नसतं. आपल्या सिद्धतेत तो शून्य कुठेच वापरला नाही, कारण x = 3 टाकला तरी |x² − 9| = 0 हे ε पेक्षा लहानच आहे. म्हणून याच ओळी x² हे फलन 3 ला संतत आहे हेही दाखवतात.

1 च का

1 ला काही विशेष महत्त्व नाही. तो फक्त हिशोबाला सोपा आहे. |x − 3| < 1/2 असं बंधन घातलं तर x हा 2.5 आणि 3.5 च्या मध्ये, x + 3 हा 5.5 आणि 6.5 च्या मध्ये, आणि δ = min(1/2, ε/6.5). |x − 3| < 10 घातलं तर x + 3 हा −4 आणि 16 च्या मध्ये, म्हणून |x + 3| < 16, आणि δ = min(10, ε/16). तिन्ही बरोबर. बंधन जितकं सैल, तितका कोपऱ्याचा चौरस मोठा होऊ दिला, आणि भाजक तितका वाढला.

दहाच्या बंधनात एक खाच आहे. x + 3 तिथे ऋणही असू शकतो. −4 < x + 3 < 16 वरून |x + 3| < 16 म्हणता येतं, पण त्यासाठी दोन्ही टोकांची केवल मूल्यं पाहून मोठं घ्यावं लागतं. टोकं −20 आणि 16 असती तर उत्तर 20 आलं असतं. बंधन 1 ठेवून 3 सारख्या बिंदूजवळ काम केलं की ही भानगड उद्भवत नाही.

मग नेमका सर्वांत मोठा चालणारा δ कोणता? तोही काढता येतो. 6h + h² = ε सोडवा: h = √(9 + ε) − 3. ε = 0.07 साठी हे साधारण 0.01164 येतं, तर आपला ε/7 देतो 0.01. फरक फारसा नाही, आणि ε = 7 ला दोन्ही बरोबर 1 येतात. (3 च्या डावीकडे चूक हळू वाढते, कारण तिथे कोपरा मिळवायचा नसून वजा होतो. म्हणून उजवी बाजूच निर्णायक.)

तरीही मी सिद्धतेत हा वर्गमुळाचा δ वापरू नका असं सांगतो. एक म्हणजे ही युक्ती x² ला चालली कारण समीकरण सोडवता आलं. x⁵ + x ला असं काही सोडवता येणार नाही, पण प्राथमिक बंधन तिथेही तसंच चालतं. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. प्रत्येक धन संख्येला वर्गमूळ असतं हे अनेक पुस्तकांत मध्यमूल्य प्रमेयावरून दाखवलेलं असतं, आणि ते प्रमेय लावताना x² संतत आहे हे आधी लागतं. म्हणजे नकळत गोल फिरून आपण तिथेच येतो. वर्गमुळाचं अस्तित्व दुसऱ्या मार्गाने सिद्ध केलं असेल तर दोष नाही, पण min(1, ε/7) ला ही काळजीच करावी लागत नाही. त्याला बेरीज, गुणाकार आणि असमानता एवढंच पुरतं.

3 च्या जागी कोणताही a

आता lim (x → a) x² = a² घेऊ. अवयव |x − a|·|x + a|. बंधन तेच: |x − a| < 1. a धन की ऋण हे माहीत नाही, म्हणून टोकं काढत बसण्यापेक्षा त्रिकोण असमानता वापरा. x + a ला (x − a) + 2a असं लिहिलं की

|x + a| ≤ |x − a| + 2|a| < 1 + 2|a|

म्हणून

δ = min(1, ε/(2|a| + 1))

a = 3 टाकून पाहा, भाजक 7. a = −3 टाकला तरी 7. ऋण बाजूला हाताने करून पाहायचं असेल तर: |x + 3| < 1 वरून −4 < x < −2, दुसरा अवयव x − 3 हा −7 आणि −5 च्या मध्ये, म्हणून |x − 3| < 7. इथे "−5 मोठा आहे" म्हणून 5 उचलू नका. केवल मूल्य घेतलं की मोठं टोक −7 चं आहे. a = 0 ला सूत्र δ = min(1, ε) देतं. तिथे पट्ट्या नाहीतच, नुसता कोपरा आहे.

2|a| मध्ये केवल मूल्य विसरून 2a + 1 लिहिणं ही नेहमीची चूक आहे. a = −3 ला भाजक −5 होतो, δ ऋण येतो आणि सिद्धता तिथेच कोसळते.

या सूत्रात आणखी एक गोष्ट दिसते. a = 3 ला भाजक 7, a = 100 ला 201, a = 1000 ला 2001. तोच ε, पण a जसा दूर जाईल तसा δ आक्रसत जातो. सगळ्या a ना चालेल असा एकच δ काढता येईल का? नाही. समजा कुणी असा δ दिला. मग x = a + δ/2 घ्या. वर्गांमधला फरक aδ + δ²/4 येतो. a ला ε/δ इतका मोठा घेतला की हा फरक ε च्या वर जातो. दोष आपल्या पद्धतीचा नाही. पट्ट्यांची लांबीच a बरोबर वाढत जाते, त्याला इलाज नाही. एका ε साठी सगळीकडे एकच δ पुरणं याला एकविध संततता म्हणतात, आणि सगळ्या वास्तव संख्यांवर x² ला ती नाही. म्हणून δ मध्ये a येऊ शकतो, यावा लागतोच. x येऊ शकत नाही.

1 कुठे चालत नाही

x² ला, खरं तर कुठल्याही बहुपदीला, प्राथमिक बंधन म्हणून कोणतीही धन संख्या चालते. म्हणून "1 घ्यायचा" अशी सवय लागते आणि ती पुढे दगा देते. lim (x → 1) 1/x = 1 पाहा:

|1/x − 1| = |x − 1|·(1/|x|)

इथे आवर घालायचा अवयव 1/|x| आहे. बंधन |x − 1| < 1 घातलं तर 0 < x < 2. x शून्याच्या हवा तितका जवळ जाऊ शकतो, 1/|x| हवा तितका मोठा होऊ शकतो, आणि वरची हद्द मिळतच नाही. बंधन घट्ट करावं लागतं: |x − 1| < 1/2 घेतलं की 1/2 < x < 3/2, 1/|x| < 2, आणि δ = min(1/2, ε/2). बंधन निवडताना विचारायचा प्रश्न हाच: या पट्ट्यात माझा दुसरा अवयव फुगू शकेल अशी एखादी जागा येते का? येत असेल तर पट्टा तिच्या अलीकडेच, थोडं अंतर राखून थांबवायचा.

हात बसवायला x³ घ्या, x → 2. अवयव |x − 2|·|x² + 2x + 4|. बंधन 1 घातलं की 1 < x < 3, दुसरा अवयव 9 + 6 + 4 = 19 च्या खाली, आणि δ = min(1, ε/19). मग घनाच्या आकृतीत 19 मधले 12 कुठले आणि उरलेले 7 कुठले ते शोधा. बाजू 2 चा घन h ने वाढवला की 12h + 6h² + h³ मिळतं.